सेक्शन बंद करताय? कामगारांना काय सांगायचं, कसं सांगायचं

आमच्याकडे पेरोल आणि कामगार कायद्याचं काम देणाऱ्या छोट्या कारखानदारांसाठी हे माहितीपत्रक. गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न वारंवार येतोय, की कामाची रचना बदलायचीय, काही माणसं कमी होणार आहेत, तर नोटीस बोर्डावर काय लावू? नोटीस बोर्ड सगळ्यात शेवटी येतो, पण मेसेज आधी लिहून काढायचा हे मात्र खरं, कारण लिहायला बसलं की कुठल्या गोष्टी अजून ठरलेल्याच नाहीत ते लगेच कळतं.

एक उदाहरण धरू. पुठ्ठ्याचे बॉक्स बनवणारं युनिट आहे, 46 माणसं. छपाईचं काम बाहेर द्यायचं ठरलंय, मशीन विकायचं आहे, त्यामुळे छपाई सेक्शनमधल्या 6 ऑपरेटरच्या जागा जाणार आणि पेस्टिंगच्या 4 जणांची शिफ्ट बदलणार. मेसेज असा लिहावा:

"सर्वांना नमस्कार. आपला छपाई सेक्शन 4 जुलै 2026 ला बंद होतोय. त्यामुळे तिथल्या 6 जागा कमी होतील, आणि या सहाही जणांशी मी आज सकाळी स्वतः बोललोय. छपाईच्या ऑर्डर दोन वर्षांत कमी होत गेल्या, नवीन मशीन घेण्याइतकं काम आपल्याकडे नाही, म्हणून हा निर्णय घेतला. यात त्या सहा जणांच्या कामाचा काही दोष नाही. पेस्टिंगच्या 4 जणांची शिफ्ट 1 जुलैपासून बदलेल, त्यांना वेगळी लेखी नोटीस दिलीय, पगार तोच राहील. बाकी कुणाच्या जागेला, पगाराला किंवा शिफ्टला या निर्णयाने धक्का नाही. डिसेंबरनंतर ऑर्डर कशा असतील ते मला आज सांगता येणार नाही, ऑक्टोबरमध्ये आकडे बघून पुन्हा सगळ्यांना एकत्र बोलावून सांगेन. हिशोबाबद्दल काहीही विचारायचं असेल तर बुधवारपर्यंत रोज 3 ते 5 मी आणि अकाउंटंट ऑफिसमध्ये आहोत."

पहिल्याच दोन ओळींत काय बंद होतंय, कधी आणि किती जागा, हे आलंय. बरेच मालक सुरुवातीला कंपनीचा इतिहास, बाजाराची परिस्थिती, आपण सगळे एक कुटुंब आहोत असं लिहितात आणि खरी गोष्ट चौथ्या परिच्छेदात येते, तोपर्यंत वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागलेला असतो. आणि कुटुंब म्हणून त्याच कागदावर कामावरून कमी करणं माणसाला फार लागतं, ते लिहूच नका.

"बाकी कुणाला धक्का नाही" ही ओळ मात्र खरी असेल तरच टाका. तीन महिन्यांनी अजून दोघं कमी करायचा विचार डोक्यात असेल तर ती ओळ काढा आणि पुढचा निर्णय कधी होणार ती तारीख द्या. माणसं वाईट बातमी सोसतात, पण एकदा शब्द मोडला की पुढच्या कुठल्याच नोटिशीवर विश्वास ठेवत नाहीत, आणि तुम्हाला हवे असलेले चांगले ऑपरेटर आधी दुसरीकडे बघायला लागतात.

आता क्रम. सोमवार 1 जून धरा. सकाळी सहा जणांना एकेक करून भेटायचं, प्रत्येकाच्या हातात कारणासकट लेखी नोटीस आणि त्याच्या हिशोबाचा कागद द्यायचा. मग सुपरवायझरना सांगायचं, मग जेवणाच्या सुट्टीआधी सगळ्यांसमोर हाच मेसेज वाचून दाखवायचा आणि त्यानंतर बोर्डावर लावायचा. सगळं एकाच दिवसात, कारण रात्र मध्ये गेली की ग्रुपवर वेगळीच यादी फिरते. शनिवारी संध्याकाळी सांगू नका, सुट्टीच्या दिवशी त्यांना विचारायला कुणी नसतं.

तारखा आम्ही अशाच का धरल्या तेही सांगतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झालीय. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला कमी करायचं तर एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो, आणि सरकारलाही कळवावं लागतं. शिफ्टमधल्या बदलाला 21 दिवस आधी नोटीस लागते, म्हणून ती 1 जूनला देऊन बदल 1 जुलैपासून. 300 किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यांना आधी सरकारी परवानगी लागते, 46 च्या युनिटला ती लागत नाही.

हिशोबाचा कागद म्हणजे नेमकं काय? समजा एका ऑपरेटरची नोकरी 7 वर्षं 8 महिने झालीय आणि कायद्याच्या व्याख्येप्रमाणे वेतन महिना 18,000. सहा महिन्यांच्या वरचा काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणून 8 वर्षं. भरपाई दर वर्षाला 15 दिवसांचं सरासरी वेतन, म्हणजे 9,000 गुणिले 8, 72,000. ग्रॅच्युइटीत महिना 26 दिवसांचा धरतात, म्हणून 18,000 भागिले 26, गुणिले 15, गुणिले 8, साधारण 83,077. दोन्ही मिळून 1,55,077. याशिवाय शेवटचा पगार आणि शिल्लक रजांचे पैसे, आणि पुनर्कौशल्य निधीत 15 दिवसांचं वेतन मालकाने भरायचं, ते 45 दिवसांत कामगाराच्या खात्यावर जातं.

कागदावर प्रत्येक रकमेसमोर तारीख हवी: भरपाई शेवटच्या दिवशी म्हणजे 4 जुलैलाच, पगार दोन कामाच्या दिवसांत म्हणजे मंगळवार 7 जुलैपर्यंत, ग्रॅच्युइटी 30 दिवसांच्या आत. "नियमाप्रमाणे सगळं मिळेल" एवढंच सांगितलं तर माणूस घरी जाऊन काय सांगणार, पोरांची फी कशी भरायची ते ठरवणार कसं? आणि पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख तुम्ही टाकली नाही तर त्याचे पैसे अडकतात, तेही कागदावर लिहा आणि लगेच करून टाका.

सगळ्यात जास्त वाद निवडीवरून होतात. एका प्रकारच्या कामातला शेवटी लागलेला माणूस आधी कमी करायचा, असा नियम आहे, आणि वेगळं केलं तर कारण लेखी नोंदवावं लागतं. आपल्या उदाहरणात छपाई ऑपरेटर सगळेच जातायत म्हणून प्रश्न सरळ आहे. पण त्याच सेक्शनमध्ये दोन हेल्पर असते आणि हेल्पर सगळ्या सेक्शनमध्ये फिरत असते, तर छपाईतला बारा वर्षांचा हेल्पर काढून पेस्टिंगमधला सहा महिन्यांचा ठेवता येत नाही, यादी पूर्ण कारखान्याच्या हेल्परांची बघावी लागते. आमच्याकडे येताना मस्टर आणि प्रत्येकाची रुजू तारीख घेऊन या, ज्येष्ठता यादी आधी करू आणि ती बोर्डावर लागू दे, नावं कशी ठरली हे सगळ्यांना दिसलं पाहिजे.

कमी केलेल्या माणसांचे मोबाईल नंबर आणि गावचे पत्ते शेवटच्या दिवशी पुन्हा तपासून घ्या. वर्षभरात त्याच कामाला भरती निघाली तर आधी त्यांनाच बोलवावं लागतं, आणि हेही नोटिशीत एका ओळीत लिहून द्या.