समाधानी ग्राहक पुरवठादार का बदलत नाही?

विक्रीच्या क्षेत्रातल्या माणसांकडून एक तक्रार नेहमी ऐकू येते. "आमचा माल सरस, रेट कमी, तरी ते जुन्यालाच धरून बसलेत." त्यावर काढलेले निष्कर्षही ठरलेले असतात: खरेदी अधिकारी आळशी आहे, नाहीतर त्याचे जुन्या पुरवठादाराशी साटेलोटे आहे. क्वचित ते खरेही असते. पण बहुतेक वेळा समोरच्या माणसाचे मन अगदी नियमानुसार चाललेले असते, आणि तो नियम मानसशास्त्रज्ञांनी व अर्थशास्त्रज्ञांनी चांगला तपासलेला आहे.

विल्यम सॅम्युएल्सन आणि रिचर्ड झेकहाउझर या दोघांनी 1988 साली आहे तेच चालू ठेवण्याच्या प्रवृत्तीवर एक शोधनिबंध लिहिला. अनेक पर्यायांपैकी एखादा 'सध्या चालू असलेला' आहे एवढे सांगितले, तरी तो निवडणाऱ्यांचे प्रमाण वाढते, असे त्यांना दिसले. मला मात्र याहून आवडतो तो कॅलिफोर्नियातल्या वीजग्राहकांचा अभ्यास, कारण त्यात प्रश्न थेट पुरवठ्याचाच होता. ग्राहकांचे दोन गट होते. एका गटाला भरवशाची वीज मिळत होती, तर दुसऱ्याकडे ती वारंवार आणि जास्त वेळ जात असे. दोन्ही गटांपुढे तेच सहा पर्याय ठेवले: वीज किती वेळा जाईल आणि दर किती असेल, यांच्या सहा जोड्या. भरवशाची वीज मिळणाऱ्यांपैकी सुमारे 60 टक्के लोकांनी आहे तेच निवडले. वीज वारंवार जाणाऱ्यांपैकीही सुमारे 58 टक्के लोकांनी आहे तेच निवडले! चांगल्या सेवेसाठी जास्त दर द्यायला त्यांच्यातले 6 टक्केसुद्धा तयार नव्हते.

यावर थोडे थांबू या. दुसऱ्या गटातल्या लोकांना अंधारात बसणे आवडत होते असे नाही. त्यांच्या हिशेबात अंधार 'तोटा' म्हणून धरलेलाच नव्हता. डॅनिएल काहनेमन आणि एमॉस ट्वेर्स्की यांनी 1979 साली मांडलेल्या सिद्धान्ताचा गाभा हाच आहे. माणूस नफा-तोटा शून्यापासून मोजत नाही, आज जिथे उभा आहे तिथून मोजतो. त्या जागेला संदर्भबिंदू म्हणतात. संदर्भबिंदूच्या वर जाणे हा नफा आणि खाली जाणे हा तोटा. त्यात तोटा तेवढ्याच नफ्यापेक्षा जास्त बोचतो. साधारण दुप्पट, असा अंदाज बरेचदा दिला जातो. तो निसर्गाचा स्थिरांक नाही, परिस्थितीनुसार बदलतो. पण दिशा बहुधा तीच राहते. आणि जो त्रास संदर्भबिंदूच्या आतच मुरला आहे, तो मोजलाच जात नाही.

हे सगळे 'सरपटणाऱ्या मेंदू'मुळे होते आणि त्या मेंदूला भुलवायच्या युक्त्या शिकवतो, असे सांगणारी विक्री-प्रशिक्षणे बाजारात आहेत. ती साफ थोतांड आहेत. आपल्या डोक्यात सरड्याचा मेंदू तळाशी आणि त्यावर नवे मजले, ही तीन थरांची कल्पना मेंदूच्या उत्क्रांतीचा अभ्यास करणाऱ्यांनी केव्हाच बाद केली आहे. ठरावीक रंगाचे ब्रोशर किंवा ग्राहकाच्या हालचालींची नक्कल यांनी संदर्भबिंदू हलत नाही.

आता एक उदाहरण तपशिलात घेऊ. एक कारखाना गिअरबॉक्स बनवतो. त्यात फिरत्या शाफ्टभोवती रबरी ओठ असलेली ऑइल सील बसते, म्हणजे आतले तेल बाहेर येत नाही. गेली अनेक वर्षे सील एकाच पुरवठादाराकडून येते आणि कोणाची तक्रार नाही. तुम्ही सील बनवता आणि 6 टक्के कमी दराने द्यायला तयार आहात.

सीलच्या वर्षभराच्या खरेदीला 100 धरू. तुमच्यामुळे वाचतील 6. सॅम्पलची चाचणी, कागदपत्रे, दोन्ही माल काही काळ एकत्र ठेवणे, यात एकदाच जातील समजा 3. आणि तुमचा माल वेळेवर न आल्याने किंवा गळल्याने 40 चे नुकसान होण्याची शक्यता खरेदी अधिकाऱ्याला 5 टक्के वाटते, म्हणजे सरासरीने 2. कागदावर 6 वजा 5, बदल 1 ने फायद्याचा. पण तोटा दुप्पट धरणाऱ्या मनात तोच हिशेब 6 वजा 10 असा होतो, आणि उत्तर येते 'नको'. तुम्ही सवलत 6 वरून 8 केली तरी उत्तर बदलत नाही. रेट आणखी पाडून समाधानी ग्राहक का हलत नाही, ते इथे दिसते.

शिवाय वाचलेले 6 कंपनीच्या खात्यात जातात, तर लाइन बंद पडली तर जाब त्या अधिकाऱ्याला द्यावा लागतो. जुन्याकडून माल उशिरा आला तर 'पुरवठादार चुकला', नव्याकडून आला तर 'तुम्ही कशाला बदललेत?' अनुभवी व्यापाऱ्यांमध्ये हातातली वस्तू न सोडण्याची ओढ बरीच कमी होते, असे जॉन लिस्ट यांच्या 2003 सालच्या अभ्यासात दिसले होते. पण ते स्वतःच्या फायद्यासाठी अदलाबदल करत होते. पगारी खरेदी अधिकाऱ्याला नफ्यातला वाटा मिळत नाही आणि दोष मात्र पुरा मिळतो, म्हणून अनुभवाने तो सैल पडेलच असे नाही.

मग वाट कुठे आहे? संदर्भबिंदूच्या आत मुरलेल्या त्रासात. गिअरबॉक्सवाल्यांना विचारा, "सीलबद्दल काही अडचण?" उत्तर येईल, "काही नाही." हाच प्रश्न सर्व्हिस विभागाला वेगळ्या तऱ्हेने विचारा: दुरुस्तीला आलेल्या गिअरबॉक्सपैकी कितींची सील बदलता? तिथे कळते की बरीच बदलली जातात, कारण "थोडी गळती तर होतेच." वीज जाणारे ग्राहक हेच म्हणत होते.

इथे जुन्या पुरवठादारावर टीका करणे ही मोठी चूक. ती निवड समोरच्यानेच केलेली असते, त्यामुळे तो तिच्या बचावाला उभा राहतो. त्यापेक्षा बदललेल्या जुन्या सील मागून घ्या आणि त्याच्यासमोरच तपासा. ओठ कडक होऊन त्याला बारीक भेगा पडल्या असतील तर बहुधा उष्णता कारण आहे. नेहमीचे नायट्राइल रबर तेलाचे तापमान सतत 100 अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा वर राहिले की लवकर म्हातारे होते. ओठ नरम आहे पण एका ठिकाणी कापल्यासारखा आहे, तर बसवताना शाफ्टच्या धारेवर घासला असावा. शाफ्टवरच चर पडली असेल तर नुसती सील बदलून फार उपयोग नाही. दोष बसवण्यात किंवा शाफ्टमध्ये निघाला तर तसे स्पष्ट सांगावे, आज ऑर्डर मिळाली नाही तरी. पण उष्णता निघाली, तर गोष्ट वेगळी. फ्लुओरोइलॅस्टोमर रबर सुमारे 200 अंशांपर्यंत टिकते, ते महाग असते, आणि आता तुलना 6 टक्क्यांच्या सवलतीची उरत नाही. 'सील ठीक आहे' या जागी 'या सीलमुळे इतके गिअरबॉक्स परत आले' हा आकडा येतो. तो ग्राहकाच्या स्वतःच्या नोंदींतला असतो, म्हणून संदर्भबिंदू हलतो.

रॉबिन्सन, फॅरिस आणि विंड यांनी 1967 मध्ये औद्योगिक खरेदीचे तीन प्रकार केले होते: पूर्ण नवी खरेदी, थोडा बदल असलेली पुनर्खरेदी आणि जशीच्या तशी पुनर्खरेदी. तिसऱ्या प्रकारात बाहेरच्याला जागा नसते. त्याने प्रयत्न करायचा तो खरेदी दुसऱ्या प्रकारात नेण्याचा. वरच्या तपासणीने नेमके तेच होते. आणखी सोपे म्हणजे कारखाना जास्त गरम चालणारे नवे मॉडेल आणतो तेव्हा जाणे, कारण त्या मॉडेलसाठी अजून कोणीच 'नेहमीचा' झालेला नसतो.

तरीही ग्राहकाच्या हट्टात शुद्ध तर्काचाही भाग आहे, आणि तो विक्रेत्यांना फारसा माहीत नसतो. तुम्ही 30 सील चाचणीला दिल्या आणि एकही गळली नाही. यातून काय सिद्ध झाले? तुमच्या मालात प्रत्यक्षात 100 पैकी 1 सील खराब असेल, तरी 30 च्या 30 पास होण्याची शक्यता 0.99 चा तिसावा घात, म्हणजे सुमारे 74 टक्के. थोडक्यात, ती चाचणी 100 पैकी 1 दोष चारांपैकी जवळजवळ तीन वेळा पकडूच शकत नाही. संख्याशास्त्रात यासाठी एक सोपा ठोकताळा आहे: n नग तपासून एकही दोष सापडला नाही, तर 95 टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते की दोषाचे प्रमाण 3 भागिले n पेक्षा कमी आहे. 30 नगांवर 10 टक्क्यांपेक्षा कमी, 300 वर 1 टक्क्यापेक्षा कमी, 3000 वर हजारात 1 पेक्षा कमी. जुन्या पुरवठादाराच्या नावावर लाखो नग आहेत, तुमच्या नावावर 30. त्यामुळे ग्राहक जुन्यावर जास्त विश्वास टाकतो तो केवळ पूर्वग्रह नव्हे.

म्हणून मागायचे ते पूर्ण काम नव्हे, तर खरेदीचा छोटा हिस्सा, समजा 20 टक्के. तुमचा माल अडला तरी उरलेला 80 टक्के जुन्याकडून येतच राहतो आणि लाइन सहसा थांबत नाही. म्हणजे 40 चे ते भयंकर नुकसान आकड्यात खूप खाली येते. आणि वर्षभरात हजारो नगांचा पुरावा आपोआप जमा होतो. अडचण एकच: चाचणी-कागदपत्रांचे ते 3 हिस्सा लहान झाला म्हणून कमी होत नाहीत, बचत मात्र 6 वरून 1.2 वर येते. तो खर्च बराचसा विक्रेत्याने उचलला नाही, तर हिशेब पुन्हा 'नको'कडे झुकतो. चाचणी तुमच्या खर्चाने, साठा तुमच्या मालकीचा पण त्यांच्या गोदामात, आणि पास-नापासचे निकष चाचणीआधी लिहून ठेवलेले, असा प्रस्ताव हवा.

दुसऱ्या स्रोताचे मोलही खरे आहे. 1 फेब्रुवारी 1997 रोजी जपानमध्ये आयसिन सेकीच्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या ब्रेकमधला एक छोटा वाल्व्ह जवळजवळ पूर्णपणे तिथूनच येत असे आणि साठा अगदी थोडा होता. काही दिवसांतच टोयोटाचे जपानमधले बहुतेक उत्पादन थांबले. शिवणयंत्रे बनवणाऱ्या ब्रदरसह अनेक कंपन्यांनी धावपळ करून वाल्व्ह बनवले, तेव्हा सुमारे आठवडाभराने गाडे रुळावर आले. हे उदाहरण भीती घालायला वापरू नये. ग्राहकाने स्वतःच मोजावे, की सील आली नाही तर त्याची लाइन किती दिवस चालेल.

काही ठिकाणी मात्र तुम्हाला बोलावले जाते ते केवळ जुन्याचा रेट पाडायला. हे ओळखता येते. अशा ठिकाणी कोटेशन लगेच मागतात, पण ड्रॉइंग पुरे देत नाहीत, वापराचे आकडे सांगत नाहीत, क्वालिटी किंवा सर्व्हिस विभागाला भेटू देत नाहीत. अशा वेळी रेट देण्याआधी एकच गोष्ट मागावी: सॅम्पल चाचणीची तारीख आणि पास होण्याचे निकष, लेखी. ते द्यायला तयार असलेला ग्राहक स्वतःचे तास खर्च करत असतो. जो देत नाही, त्याच्याकडे पुन्हा जायचे ते त्याचे मॉडेल बदलेल तेव्हा, किंवा त्याच्या सर्व्हिस विभागातून गळक्या सीलची पेटी हातात येईल तेव्हा.