डोळे उघडले म्हणजे औषध उतरलं?

“एमआरआयसाठी मुलाला झोपेचं औषध दिलं होतं. स्कॅन संपला, मूल जागं होऊन रडलं, म्हणजे औषध उतरलं. आता घरी न्यायला हरकत नाही ना?”

हरकत आहे, विशेषतः क्लोरल हायड्रेट दिलं असेल तर. यकृतात त्याचं ट्रायक्लोरोइथेनॉल बनतं आणि झोप मुख्यतः त्यानेच येते. लहान मुलांत ते निम्मं व्हायला साधारण 8 ते 12 तास लागतात, तान्ह्यांत त्याहूनही जास्त. म्हणजे 12 किलोच्या बाळाला किलोमागे 50 मिलिग्रॅमने 600 मिलिग्रॅम सकाळी पाजलं, तर संध्याकाळीही बराच अंश अंगात असतो. स्कॅनच्या खडखडाटाने, हाताळण्याने मूल जागं होतं. गाडीत शांत वाटलं की पुन्हा गाढ झोपतं. मान पुढे पडून हनुवटी छातीला टेकली तर श्वासमार्ग दबतो. धोका इथेच आहे.

डेक्समेडेटोमिडीन हे नाकातून दिलं जाणारं दुसरं झोपेचं औषध तुलनेने लवकर उतरतं, पण त्याने नाडी आणि रक्तदाब खाली येतात, म्हणून देखरेख त्यातही लागते. नाक वाहत असेल तर औषध नीट शोषलं जात नाही. सर्दी असल्यास आधीच सांगा.

घरी सोडण्यापूर्वी मूल शांत खोलीत, कुणी न हलवता, किमान 20 मिनिटं जागं राहिलं पाहिजे आणि नेहमीसारखी मान धरली पाहिजे. गाडीत चालकाशिवाय दुसरा मोठा माणूस मुलाशेजारी बसावा. घोरणं, छाती आत ओढली जाणं किंवा ओठ निळसर दिसले, तर आधी मान सरळ करा आणि तातडीची मदत बोलवा.