सोलापुरी टॉवेल, डॉलर आणि देशाची वही

व्यवहारतोल म्हणजे देशाच्या परदेशांशी झालेल्या सगळ्या व्यवहारांची वही. त्यातली दोन खाती, आयात-निर्यातीसारख्या व्यवहारांचं चालू खातं आणि गुंतवणूक-उधारीचं भांडवली खातं, एकमेकांना नेहमी तोलतात असं म्हणतात. ते कसं, ते पाहू. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून पन्नास हजार डॉलरचे टेरी टॉवेल न्यूयॉर्कला रवाना झाले, असं धरू. पैसे नव्वद दिवसांनी मिळणार. म्हणजे आज माल गेला, पण हातात एक छदामही नाही. तरीही देशाच्या व्यवहारतोलात त्याच दिवशी दोन नोंदी होतात. चालू खात्यात निर्यातीचे अधिक पन्नास हजार आणि भांडवली खात्यात उणे पन्नास हजार. हे उणे म्हणजे आपण त्या अमेरिकी व्यापाऱ्याला दिलेली उधारी. परदेशातलं आपलं येणं वाढलं, की भांडवली खात्यात ते उणे धरतात. बाहेर पैसे गुंतवल्यासारखंच आहे ते.

नव्वद दिवसांनी पैसे आले, तरी डॉलर सोलापुरात येत नाहीत. ते आपल्या बँकेच्या न्यूयॉर्कमधल्या खात्यात जमा होतात, आणि कारखानदाराला इथे रुपये मिळतात. चालू खात्याला याचा पत्ताही लागत नाही. व्यापाऱ्याकडचं येणं मिटलं आणि बँकेचं येणं तेवढंच वाढलं, इतकाच फरक.

पुढे तेच डॉलर बँकेनं विकले आणि कुणी जर्मन यंत्रमाग आणला, तर आयातीचे उणे पन्नास हजार चालू खात्यात पडतात आणि बँकेची तिकडची शिल्लक तेवढीच उतरते. सोलापूरच्या पेढीवरचा जुना मुनीमही जमा-नावे असंच मांडेल. प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असल्यामुळे सगळ्या नोंदींची बेरीज शून्यच यायला हवी. खरेदीदाराला नमुन्याचे चार टॉवेल फुकट पाठवले, तरी निर्यातीसमोर 'देणगी' लिहिली जाते. गंमत म्हणजे इथे दोन्ही नोंदी चालू खात्यातच पडतात.

प्रत्यक्षात मात्र शून्य क्वचितच येतं. मालाची किंमत कस्टमच्या कागदांवरून कळते, पैसे बँकांच्या अहवालांतून, आणि दोघांच्या तारखा नि आकडे जुळतातच असं नाही. म्हणून 'चूकभूल' नावाची एक ओळ ठेवलेली असते. ती लहान असेल तर ठीक. वर्षानुवर्षं एकाच दिशेला फुगत असेल, तर पैसा नोंद चुकवून येतोय किंवा जातोय अशी शंका घ्यावी.

राहता राहिला रिझर्व्ह बँकेचा परकीय चलनसाठा. दोन्ही खाती एकमेकांना 'नेहमी' तोलतात असं म्हणताना हा साठा भांडवली बाजूलाच धरलेला असतो. तो वेगळा मांडला, की खरं चित्र दिसतं. २०१२-१३ मध्ये भारताची चालू खात्यातली तूट सुमारे ८८ अब्ज डॉलर होती, पण बाहेरून आलेलं भांडवल ८९ अब्जांच्या आसपास होतं. त्यामुळे साठ्याला हात लावावा लागला नाही. २००८-०९ मध्ये तूट याहून कितीतरी कमी, सुमारे २८ अब्ज होती. पण जागतिक मंदीत परकी गुंतवणूकदार पाठ फिरवून गेले, निव्वळ भांडवल जेमतेम ७ अब्जांच्या घरात आलं, आणि साठ्यातून सुमारे २० अब्ज डॉलर काढावे लागले. चूकभूल धरून बेरीज दोन्ही वर्षी जुळलीच.