सर्दीत काढलेला एचएस-सीआरपी हृदयाबद्दल काय सांगतो?

सीआरपी हे प्रथिन सापडले तेच संसर्गाच्या शोधात. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तद्रवात एक पदार्थ आढळला. न्यूमोकॉकस जिवाणूच्या 'सी' नावाच्या शर्करेशी तो जोडला जाई, म्हणून नाव पडले सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन. पुढे कित्येक दशके त्याचा उपयोग संसर्ग आणि दाह ओळखण्यापुरताच राहिला. त्यासाठी ढोबळ चाचणी पुरत असे. ५ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या खाली नेमके किती आहे, हे कुणाला हवेच नव्हते.

हृदयरोगाचा प्रश्न मात्र नेमका त्या खालच्या पट्ट्यातला. १९९७ मध्ये रिडकर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील निरोगी पुरुष डॉक्टरांचे साठवलेले रक्तनमुने तपासले. ज्यांचे सीआरपी सर्वांत वरच्या चतुर्थांशात होते, त्यांना पुढे हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका सर्वांत खालच्या चतुर्थांशाच्या सुमारे तिप्पट निघाला. इतके बारीक फरक मोजणारी ती 'हाय सेन्सिटिव्हिटी' म्हणजेच एचएस चाचणी. प्रथिन तेच, फक्त तराजू सोनाराचा.

२००३ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी यांनी मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये पट्टे ठरवले: १ पेक्षा कमी म्हणजे कमी धोका, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. १० च्या वर आकडा आला तर तो धोक्यासाठी धरायचा नाही. संसर्ग किंवा दाहाचे कारण शोधायचे आणि दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यायचे.

साध्या सर्दीची गफलत इथेच होते, कारण ती बहुधा ही १० ची चाळणी चुकवते. समजा एखाद्याची नेहमीची पातळी ०.८ आहे. घसा धरल्यावर यकृत काही तासांतच जास्त सीआरपी बनवू लागते आणि साधारण दोन दिवसांत पातळी शिखर गाठते. तिसऱ्या दिवशी रक्त दिले आणि ६.४ आले. आकडा १० च्या आत, म्हणून अहवालावर शंका येत नाही. कमी धोक्याचा माणूस थेट 'जास्त धोका' या रकान्यात जाऊन बसतो.

रक्तातले सीआरपी सुमारे १९ तासांत निम्मे होते. वाढीव उत्पादन त्याच क्षणी थांबले, तरी ०.८ च्या वरचे ५.६ चार वेळा निम्मे व्हायला ७६ तास लागतात आणि तेव्हाही बेरीज १.१५ च्या आसपास, म्हणजे मध्यम पट्ट्यातच राहते. प्रत्यक्षात उत्पादन हळूहळू ओसरते. म्हणून नाक मोकळे झाले की लगेच नव्हे, तर पूर्ण बरे वाटल्यावर दोन आठवडे थांबून रक्त द्यावे. हाच नियम दाताचा गळू, शस्त्रक्रिया किंवा मोठ्या दुखापतीलाही लागू.

तब्येत ठीक असतानाही पातळी हलत असते, म्हणून २००३ च्याच शिफारशीत सुमारे दोन आठवड्यांच्या अंतराने दोन नमुने घेऊन सरासरी काढायला सांगितले आहे. उपाशीपोटी असण्याची गरज नाही. तुलना करताना एकक जरूर पाहावे: काही प्रयोगशाळा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आकडा देतात, आणि तिथले ०.३ म्हणजे इथले ३.