पैसे आधी की मेसेज आधी? स्क्रीनशॉटवरच्या तारखा लावताना

माझ्या ओळखीतल्या एका घरात बहीण पुण्यात आणि धाकटा भाऊ न्यू जर्सीत. २०२४ च्या मार्चमध्ये ताईने एका फ्लॅटसाठी पन्नास हजार टोकन दिलं, पुढे तो व्यवहार फिसकटला, आणि जुलैमध्ये दोघांचं वाजलं. भाऊ म्हणतो, "ताई, मी तुला पैसे देऊ नकोस म्हणून आधीच लिहिलं होतं." ताई म्हणते, "तुझा मेसेज आला तेव्हा पैसे जाऊन बसले होते." दोघांनीही पुरावा म्हणून स्क्रीनशॉट टाकले. भावाने व्हॉट्सॲपचं चॅट एक्स्पोर्ट करून लगेच त्या फाइलचा काढलेला, त्यात मेसेजच्या आधी `3/4/24, 2:05 PM`. ताईचा पेमेंट ॲपमधला, त्यावर `05/03/2024 12:20 AM`.

आता गंमत बघा, दोघंही आपापल्या सवयीने वाचत होते. ताईला भावाचा मेसेज ३ एप्रिलचा वाटला, म्हणजे पैसे दिल्यावर जवळजवळ महिन्याने, आणि भावाला ताईचं पेमेंट ३ मेचं वाटलं, म्हणजे सांगून दोन महिने झाल्यावर. दोघांनाही समोरचा धडधडीत खोटं बोलतोय असं वाटणारच ना. अमेरिकेत महिना आधी लिहितात, आपल्याकडे दिवस आधी, हे दोघांना माहीत नव्हतं असं नाही, पण रागात कोण थांबून विचार करतं.

हा घोळ वर्षातले सगळे दिवस होत नाही. दिवसाचा आकडा १२ च्या वर गेला की तारीख एकाच पद्धतीने वाचता येते. दोन्ही आकडे १२ पर्यंतचे आणि वेगवेगळे असतील तरच फसगत होते, आणि असे दिवस वर्षाला बरोब्बर १३२ येतात, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त. म्हणून एकट्या तारखेकडे बघायचंच नाही, त्याच फाइलमध्ये वरखाली सरकायचं. भावाच्या फाइलमध्ये पुढे `3/5/24`, `3/6/24` आणि मग `3/13/24` होतं. तेरावा महिना नसतो, आणि रोज बदलतोय तो दुसरा आकडा, म्हणजे तोच दिवस. मेसेज ४ मार्चचा, सोमवार. ताईच्या ॲपमध्ये मागचं एक पेमेंट `28/02/2024` चं होतं, म्हणजे तिचं पेमेंट ५ मार्चचं, मंगळवार.

(असं कोणी एक्सेलमध्ये भरणार असेल तर जपून. कॉम्प्युटरची सेटिंग भारताची असेल तर एक्सेल `3/4/24` ला गुपचूप ३ एप्रिल करून टाकतं आणि `3/13/24` समजत नाही म्हणून तसंच अक्षरं म्हणून सोडतं. एकाच कॉलममध्ये काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे चिकटलेल्या दिसल्या की समजायचं, उजवीकडच्या चुकल्यात.)

तारखा लागल्या तर ताईच अडचणीत आली. मेसेज ४ तारखेला, पैसे ५ तारखेला, आणि भाऊ म्हणाला, बघ, दुसऱ्या दिवशी दुपारी दिलेस. पण `12:20 AM` म्हणजे दुपार नाही, मध्यरात्र उलटून वीस मिनिटं. रात्री `11:59 PM` नंतर घड्याळ `12:00 AM` वर जातं आणि तारीखही तिथेच पालटते. बाराच्या तासाचं हे सगळ्यांना चकवतं, कारण ११ एएम, मग १२ एएम असं डोकं आपोआप मोजतं. त्यात आपल्या बोलण्याचीही भर. ताई सुरुवातीपासून सांगत होती की तिने "सोमवारी रात्री" पैसे टाकले, आणि स्क्रीनशॉट दाखवत होता मंगळवार, त्यामुळे तिच्यावर अजूनच संशय. पण मराठीत सोमवारी रात्री साडेबारा म्हणजे सोमवारचं जेवण झाल्यावरची रात्र, आपला वार उजाडल्यावर बदलतो, पंचांगातही तो सूर्योदयालाच बदलतो. फोनचा वार मध्यरात्री बदलतो. दोन्ही खरं होतं.

तरी वरवर बघता मेसेज ४ ला दुपारी २:०५ आणि पैसे त्यानंतर दहा तासांनी. इथे टाइम झोन येतो, आणि खरी मेख इथेच आहे.

घरात सगळ्यांना पाठ की न्यू जर्सी आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. भांडण जुलैमध्ये चाललं होतं, तेव्हा ते बरोबरही होतं. त्या हिशोबाने भावाचा मेसेज पुण्यात रात्री ११:३५ ला पोचला, पैसे १२:२० ला गेले, म्हणजे भाऊ ४५ मिनिटांनी जिंकला. पण अमेरिकेत उन्हाळ्यासाठी घड्याळं एक तास पुढे करतात, मार्चच्या दुसऱ्या रविवारी, आणि २०२४ मध्ये तो रविवार होता १० मार्च. ४ मार्चला घड्याळं अजून हिवाळ्याची होती आणि फरक साडेदहा तासांचा होता. फरक घ्यायचा तो घटनेच्या दिवशीचा, आज भांडताना असलेला नाही. म्हणून आधी तारीख पक्की करावी लागते, कारण मेसेज खरंच ३ एप्रिलचा असता तर साडेनऊ बरोबर ठरले असते. दोन्ही वेळा यूटीसीत, म्हणजे सगळ्या जगाच्या एकाच घड्याळात नेल्या की:

```
2024-03-04T14:05-05:00  =  2024-03-04T19:05Z
2024-03-05T00:20+05:30  =  2024-03-04T18:50Z
```

पैसे १८:५० ला, मेसेज १९:०५ ला. पैसे पंधरा मिनिटं आधी गेले होते.

अजून एक गोष्ट तपासावी लागली, जी बहुतेक लोक विसरतात. व्हॉट्सॲपवर मेसेजशेजारी दिसणारी वेळ त्या मेसेजवर कोरलेली नसते, फोन ती दाखवताना स्वतःच्या सध्याच्या टाइम झोनप्रमाणे मांडतो. भावाने पुण्यात येऊन, फोन भारताच्या वेळेवर असताना तोच मेसेज उघडला असता तर २:०५ पीएमच्या जागी १२:३५ एएम दिसलं असतं, तारीखही बदलून. तेव्हा मेसेज पाठवताना माणूस कुठे होता यापेक्षा स्क्रीनशॉट काढताना, आणि चॅट एक्स्पोर्ट केलं असेल तर एक्स्पोर्ट करताना, फोन कुठल्या वेळेवर होता हे विचारायचं. याउलट बँकेच्या एसएमएसच्या मजकुरात लिहिलेली वेळ म्हणजे साधी अक्षरं, फोन कुठेही न्या, ती हलत नाहीत. एकाच स्क्रीनशॉटवर या दोन्ही तऱ्हेच्या वेळा असू शकतात, म्हणून कुठली मजकुरातली आणि कुठली फोनने मांडलेली हे आधी वेगळं करावं. फाइलचं मूळ नाव `Screenshot_20240714-211530.png` असं काही असेल तर स्क्रीनशॉट काढतानाची फोनची वेळ त्यात सापडते, पण व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून फिरला की नाव `IMG-20240715-WA0004.jpg` छापाचं होतं आणि ती माहिती गेली. म्हणून दोघांनाही मूळ फाइल मेलने पाठवायला सांगितलं. भावाच्या फाइलच्या नावातली वेळ न्यू जर्सीची निघाली, तेव्हा कुठे साडेदहा तास वापरायला जीव धजावला.

पंधरा मिनिटांचा फरक आहे म्हणून हे ठामपणे म्हणता येतं. दोन मिनिटांचा असता तर मी म्हणालो नसतो, कारण स्क्रीनवर सेकंद दिसत नाहीत आणि कोणाचं घड्याळ हाताने लावलेलं असलं तर तेवढं पुढेमागे सहज असतं.

मग भावानेच त्या मेसेजची माहिती उघडून पाहिली. पाठवला २:०५ पीएम, वाचला त्याच दिवशी ८:४० पीएम. त्यात साडेदहा तास मिळवले की पुण्यात मंगळवारी सकाळचे ७:१०, ताई उठून चहा ठेवते ती वेळ.