पल्स डिसल्फेटरने जुनी बॅटरी खरंच जिवंत होते का?

शेजारच्या काकांचं घर मे महिन्यापासून तीन महिने बंद होतं. गावी जाताना इन्व्हर्टर चालूच राहिला होता आणि मेन स्विच मात्र बंद. परत आले तेव्हा १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी पार बसली होती. चार्जिंगला लावली की पंधरा मिनिटांत ‘फुल’ दाखवायची आणि पंखा लावला की तेवढ्याच वेळात आटोपायची. कुणीतरी त्यांना पल्स डिसल्फेटर नावाची छोटी डबी घ्यायला सांगितलं. ‘सूक्ष्म झटक्यांनी सल्फेट फोडते’ असं तिच्यावर छापलेलं होतं.

मुळात सल्फेट हा काही बॅटरीचा रोग नाही. बॅटरी वीज देते तेव्हा आम्लातला सल्फेट प्लेटवर जाऊन बसतो, लेड सल्फेटचे बारीक स्फटिक तयार होतात आणि आम्ल पातळ होतं. चार्ज करताना हे सगळं उलट घडतं. पण बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की बारीक स्फटिक विरघळत जातात आणि त्यांच्या जिवावर मोठे आणखी मोठे होतात. मोठ्या स्फटिकांचा आम्लाशी संपर्क येणारा पृष्ठभाग कमी असतो, म्हणून ते फार सावकाश विरघळतात. चार्जर जास्त करंट ढकलू लागला की तेवढं शिसं द्रावणात येतच नाही. व्होल्टेज एकदम चढतं, पाण्याचं विघटन सुरू होतं आणि चार्जरला वाटतं, बॅटरी भरली. काकांचा ‘फुल’ तो हाच.

आता डबीकडे येऊ. ती काही मायक्रोसेकंदांचे उंच झटके देते. पण प्लेट आणि आम्ल यांच्या सीमेवर विद्युतभार साठतो, एखाद्या भल्यामोठ्या कपॅसिटरसारखा. इतका छोटा झटका बहुतेक तिथेच जिरतो. रासायनिक क्रियेच्या वाट्याला येतो तो सरासरी करंट. स्फटिक दगडासारखा फुटावा असं तिथे काहीच घडत नाही. त्याला विरघळावंच लागतं, आणि विरघळायला वेळ लागतो.

शिवाय अशा बऱ्याच डब्या त्याच बॅटरीवर चालतात. सरासरी ५० मिलिअँपिअर खर्च धरला तर महिन्याला ३६ अँपिअर-अवर, म्हणजे १५० च्या बॅटरीचा जवळजवळ चौथा हिस्सा डबीच खाते. चार्जर नसेल तर ती सल्फेट वाढवते. चार्जर लावून आठवडाभर ठेवली आणि बॅटरी सुधारली, तर श्रेय त्या आठवडाभराच्या सावकाश चार्जिंगचं. माझ्या मते लोकांच्या चांगल्या अनुभवांमागे बहुतेक वेळा हेच असतं.

काकांच्या बॅटरीला आम्ही डबी लावलीच नाही. हायड्रोमीटरने सहाही सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे आम्ल पाण्याच्या किती पट जड आहे ते, पाहिली तर सगळीकडे १.१२० च्या आसपास. या बॅटरीची भरलेली ग्रॅव्हिटी १.२४० असते. सहाही सेल सारखेच खाली असणं हे चांगलं लक्षण. पाच सेल ठीक आणि एकच खाली असता, तर त्या सेलमध्ये शॉर्ट असण्याची शक्यता जास्त, आणि त्यावर चार्जिंगचा इलाज नाही.

प्लेटा बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर टाकलं, इन्व्हर्टर सोडवला, बॅटरी गॅलरीत मोकळ्या हवेत ठेवली, कारण चार्जिंगमध्ये हायड्रोजन निघतो. मग ठरावीक ३ अँपिअर करंट. सुरुवातीला व्होल्टेज १५ च्या वर गेलं आणि काही तासांनी आपोआप उतरू लागलं. सल्फेट विरघळू लागल्याची ही खूण. पुढे ते पुन्हा हळूहळू चढत गेलं. तीन दिवसांनी ग्रॅव्हिटी १.२०५ झाली, पाचव्या दिवशी १.२१० वर थांबली. दर दोन तासांनी तोच आकडा येऊ लागला तेव्हा चार्जर काढला.

इथे एक चूक फार जण करतात. ग्रॅव्हिटी कमी दिसली की बॅटरीवाला आम्ल ओततो. आकडा लगेच वाढतो, पण हरवलेलं आम्ल तर प्लेटवर सल्फेट होऊन बसलेलंच असतं. बाहेरून काही न घालता ग्रॅव्हिटी वाढली, तरच सल्फेट खरंच सुटला असं म्हणता येतं.

रात्रभर विसावा देऊन गाडीचे ५५ वॅटचे दोन हेडलाइट बल्ब लावले, म्हणजे सुमारे ९ अँपिअर. व्होल्टेज १०.८ वर, म्हणजे बॅटरी उतरली असं धरतात तिथे, यायला दहा तास लागले. म्हणजे ९० अँपिअर-अवर, छापील क्षमतेच्या साठ टक्के.

बाकीचे चाळीस टक्के कुठे गेले? काही सल्फेट इतका घट्ट झाला असेल की सुटला नाही. पण सहा वर्षांच्या बॅटरीत धन प्लेटचा शिशाचा सांगाडा गंजलेला असतो आणि तिच्यावरचा पदार्थ झडून तळाशी तपकिरी गाळ झालेला असतो. कुठलाही झटका किंवा चार्जिंग तो गाळ परत प्लेटवर चढवत नाही. ग्रॅव्हिटी पूर्ण येऊनही बॅकअप आला नाही, तर दोष बहुतेक सल्फेटचा नसून या झीजेचा असतो, आणि तेव्हा बॅटरी भंगारात देऊन नव्या बॅटरीच्या किमतीत सूट घेणंच बरं.

काकांची बॅटरी दिवे, एक पंखा आणि वायफाय एवढं अजून सांभाळते. गावी जाताना ते आता बॅटरी पूर्ण भरून तिची वायर काढून ठेवतात.