जंगलात गेम का अडखळतो? पानांमधल्या रिकाम्या जागेचा हिशेब

जंगलाचा गेम अडखळायला लागला की सल्ला ठरलेला: गवत कमी करा. सल्ला देणाऱ्याचं गणित असं, की पाती जास्त तर त्रिकोण जास्त, आणि त्रिकोण जास्त तर ग्राफिक्स कार्डावर ओझं जास्त. पण आजचं साधं कार्डही एका फ्रेममध्ये लाखो त्रिकोण रिचवतं. त्याला खरा घाम फुटतो तो पानांमधल्या रिकाम्या जागेने.

गेममधल्या झाडाचं प्रत्येक पान सहसा वेगळं घडवलेलं नसतं. एका सपाट चौकोनावर अख्ख्या डहाळीचं चित्र चिकटवतात, आणि पानाबाहेरचा भाग पारदर्शक म्हणून खूण केलेला असतो. असे शेकडो चौकोन आडवेतिडवे खोचले की झाड तयार. मेमरीची बचत होते, झाड भरगच्च दिसतं. बिल नंतर येतं.

कार्ड प्रत्येक पिक्सेलसाठी तिथली वस्तू किती लांब आहे याची नोंद ठेवतं. समोर भिंत असेल तर भिंतीमागचं काही रंगवायच्या आधीच ते वगळतं. चौकोनी पानाच्या बाबतीत मात्र या पिक्सेलवर पान आहे की भोक, हे चित्र वाचल्याशिवाय कळत नाही. म्हणजे शेडर, अर्थात रंग ठरवणारा छोटा प्रोग्रॅम, निदान चित्र वाचेपर्यंत चालवावाच लागतो आणि अंतराची नोंद त्यानंतर होते. तोवर मागचं पानही रांगेत शिरलेलं असतं. भोक निघालं तर केलेलं काम वाया.

1920×1080 च्या पडद्यावर साधारण 20 लाख पिक्सेल असतात. समजा निम्म्या पडद्यावर जंगल आहे आणि प्रत्येक ठिकाणी आठ चौकोन एकामागे एक आहेत. मग 10 लाख पिक्सेलसाठी शेडर 80 लाख वेळांपर्यंत चालू शकतो. सेकंदाला 60 फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला जेमतेम 16.7 मिलिसेकंद मिळतात, आणि त्यातच बाकीचं जगही रंगवायचं असतं.

आता माझा आवडता भाग. कार्ड पिक्सेल एकेकटे रंगवत नाही, 2×2 च्या चौकड्यांत रंगवतं. चित्राची कोणती आवृत्ती वापरायची, बारीक की ढोबळ, हे त्याला शेजारच्या पिक्सेलांमधल्या फरकावरून कळतं, म्हणून चौघांची सोबत लागते. त्रिकोणाने चौकडीतला एकच पिक्सेल व्यापला तरी चौघांसाठी शेडर चालतो आणि तिघांचं उत्तर फेकून दिलं जातं. लांबचं गवताचं पातं पडद्यावर पिक्सेलभरच रुंद असतं. म्हणजे जे डोळ्याला धड दिसतही नाही, त्यावरच सर्वांत जास्त उधळपट्टी.

त्यात अंतर वाढवणं आणखी महागात पडतं. गवत 50 मीटरऐवजी 100 मीटरपर्यंत दाखवलं तर क्षेत्रफळ दुप्पट होत नाही, चौपट होतं. आणि वाढलेला सगळा भाग त्या पिक्सेलभर पात्यांचा. सावल्यांसाठी तीच झाडं सूर्याच्या बाजूने पुन्हा काढावी लागतात, अनेकदा जवळच्या आणि लांबच्या टप्प्यांसाठी वेगवेगळी. तिथेही भोकं तपासणं चुकत नाही.

‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ या गेमच्या (2020) गवतात चौकोनी चित्राचा मार्गच सोडला आहे. तिथे प्रत्येक पातं वक्ररेषेवरून घडवलेला खरा आकार आहे: जवळ 15 शिरोबिंदू, लांब 7. त्रिकोण वाढले, पण भोकं तपासायची गरज संपली. लांबच्या जमिनीचे तुकडे दुप्पट लांबी-रुंदीचे घेऊन त्यांत पाती तेवढीच ठेवली आहेत, म्हणजे चारांतली तीन गळाली.

तुमच्या संगणकावर नेमकं काय अडतंय हे ओळखायला यूट्यूबवरच्या जादुई यादीची किंवा ‘गेम बूस्टर’ नावाच्या ताईताची गरज नाही. घनदाट झाडीत उभे राहा, फ्रेमचा आकडा पाहा आणि फक्त रिझोल्यूशन कमी करा. आकडा चांगला वर गेला तर पिक्सेलचं ओझं होतं. गवताची दाटी कमी केल्याने उपयोग होईल. आकडा जवळजवळ हललाच नाही, तर बहुधा प्रोसेसर हजारो झाडांची यादी कार्डाला देता देता दमतोय, किंवा कार्डच त्रिकोणांत आणि सावल्यांत अडकलंय. अशा वेळी आधी झाडी दिसण्याचं अंतर घटवा, मग सावल्यांचा दर्जा.

‘द विचर 3’ या गेममध्ये गवताची दाटी आणि झाडी दिसण्याचं अंतर यांना वेगळी बटणं आहेत: Grass Density आणि Foliage Visibility Range. दुसरं पहिल्यापेक्षा कितीतरी महाग आहे, कारण त्यात गवताबरोबर झाडंही येतात. ते Ultra वरून High वर आणून त्याच जागी पुन्हा आकडा पाहा. लांबच्या टेकडीवरची झाडी थोडी विरळ होईल, जवळचं गवत तसंच राहील.